१.८ मिलिमीटर

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये माझी नजर एका आकड्यावर अडकली : एनटी १.८ मिमी. बाळाची लांबी, म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंत, ६२ मिमी. रोज आकड्यांशीच काम असल्यामुळे पहिला प्रश्न आला, मर्यादा किती?

एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साचलेल्या द्रवाची जाडी. असा द्रव या वयात प्रत्येक बाळात असतो. तो जास्त असेल तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची किंवा हृदयाच्या विकाराची शक्यता वाढते. बाळ ४५ ते ८४ मिमीचं असतानाच, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, हे माप घेतात. बाळ वाढतं तसं सामान्य मापही थोडं वाढतं, म्हणून एकच मर्यादा सगळ्यांना लावता येत नाही. ३.५ च्या वर मात्र कुठल्याही लांबीला जास्तच.

आमच्या वेळी बाळाने मान मागे टाकली होती. डॉक्टरांनी बायकोला थोडं चालून यायला सांगितलं. मान ताठ मागे गेली तर माप अर्ध्या मिलिमीटरने वाढू शकतं, वाकली तर कमी भरतं. एवढ्याशा आकड्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे खूपच!

एनटी व्यवस्थित होती, तरी डबल मार्करचा रक्ताचा रिपोर्ट जोडल्यावर उत्तर आलं १:४२०. बायकोचं वय ३४ आणि रक्तातलं पॅप-ए हे प्रथिन कमी, त्यामुळे. आईचा फोन आला, "मग बाळ ठीक आहे ना?" मी म्हटलं, "आई, असेच आकडे असलेल्या ४२० गरोदर बायकांत एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, ४१९ जणींच्या बाळांना नसेल. आपण कुठल्या गटात, ते हा कागद सांगत नाही." (काकूंनी मुलगा की मुलगी तेही विचारलं. ते सांगणं कायद्यानेच बंद आहे.)

ही चाळणी चांगली आहे. एनटी, वय आणि रक्त मिळून डाऊन सिंड्रोमची सुमारे नव्वद टक्के बाळं ती पकडते, पण त्यासाठी शंभरातल्या पाच निरोगी गरोदरपणांवरही बोट ठेवते. म्हणून 'हाय रिस्क' आलेल्या बहुतेकांचं बाळ डाऊनचं नसतं आणि 'लो रिस्क'मध्येही एखादं निसटतं. थॅलेसेमियाबद्दल एनटी काहीच बोलत नाही. त्यासाठी आईवडिलांचं रक्त तपासावं लागतं.

आमचा आकडा मधल्या पट्टीतला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या : आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी, जी जास्त अचूक असली तरी चाळणीच, किंवा वारेचा तुकडा वा गर्भजल काढून खात्रीचं निदान, ज्यात गर्भपाताचा थोडा धोका. बायको म्हणाली, "सुई नको. आधी रक्त देऊ."

एनआयपीटी लो रिस्क आली. हृदयाचे कप्पे, मणका आणि मूत्रपिंडं नीट दिसायला अजून वेळ आहे. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख घेतली आहे.