हुंकारा

पोखर्णीला स्टेशनच्या वाटेवर एक चहाचं हॉटेल आहे. मगरीबनंतर आम्ही चार-सहा जण तिथं बसतो. त्यात एक चाचा आहेत. एसटीत वाहक होते, आता निवृत्त. माणूस दिलदार, बिल बहुतेक वेळा तेच देतात. पण एकदा बोलायला लागले की दुसऱ्याचा नंबर लागत नाही.

मलाही ते सवयीचं झालं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मात्र एक गोष्ट घडली. अवकाळी पाऊस झाला होता आणि आमच्यातल्या अण्णांचं कापून शेतात पसरलेलं सोयाबीन भिजलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. दोनदा म्हणाले, "मला जरा विचारायचं होतं..." दोन्ही वेळा चाचांनी पावसाचा धागा उचलला आणि गाडी पूर्णेच्या पुरावर नेली. अण्णा चहा संपवून उठून गेले. त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की पीकविम्याची तक्रार कुठं आणि कशी करायची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत करावी लागे. मला ते माहीत होतं, मोबाइलवर ॲपही होतं. अण्णा मला पुन्हा भेटले तेव्हा चौथा दिवस उजाडला होता.

दोष चाचांवर टाकणं सोपं होतं. पण त्या संध्याकाळी मी काय करत होतो, ते आठवलं. मी "हं... हो का... मग?" करत होतो. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा देतात. हुंकारा नसेल तर गोष्ट पुढं सरकत नाही. तो देणारा मीच होतो.

पुढं कळलं की यावर अभ्यासही झालेला आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी 1974 साली माणसं बोलण्याची पाळी कशी बदलतात, याची मांडणी केली. वाक्य पुरं होतं तिथं पाळी बदलायची जागा तयार होते. त्या जागी कुणी नुसतं "हं" म्हटलं, तर त्याचा अर्थ "मी बोलत नाही, तुम्ही चालू ठेवा" असा होतो. शिवाय बोलणारा ज्याला नावानं प्रश्न विचारतो, पाळी त्याच्याकडे जाते.

मग मी चाचांचं बोलणं कान देऊन ऐकू लागलो. त्यांचं वाक्य संपतच नाही. "परभणीला जाऊन, तिथं बसून, साहेबाला भेटून, अन् तेवढ्यात..." क्रियापद येतच नाही, सगळं 'ऊन'वर लटकलेलं. पूर्णविरामाची वाट बघणारा बघतच राहतो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. पहिली, हुंकारा थांबवतो. तोंड फिरवत नाही, मोबाइल काढत नाही, फक्त "हं" म्हणत नाही. त्यानं त्यांचा वेग थोडा कमी होतो. दुसरी, ते 'ऊन'वर श्वास घेतात तिथं त्यांचाच शेवटचा शब्द उचलतो आणि पाळी स्वतःकडे न घेता तिसऱ्याला देतो. "चाचा, साहेबावरून आठवलं. अण्णा, तुमच्या फेरफाराचं तलाठी साहेब काय म्हणाले?" मीच बोलू लागलो असतो तर ती आमची चढाओढ झाली असती आणि चाचा जिंकले असते. प्रश्न अण्णांना विचारला की उत्तर येईपर्यंत चाचांनाही थांबावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. गप्प राहायची सवय झालेला माणूस हळू सुरुवात करतो. अण्णा "त्याचं असं झालं..." म्हणून थांबले की चाचा पुन्हा शिरतात. तेव्हा मी हलकेच म्हणतो, "चाचा, अण्णांचं पुरं होऊ द्या, मग तुमचं परभणीचं ऐकायचंय." आणि अण्णांचं झालं की मी खरंच विचारतो, "हां चाचा, साहेबाला भेटून पुढं?" हे विसरलं तर पुढच्या वेळी ते थांबणार नाहीत.

हे दर वेळी जमत नाही. चाचा चिडलेले असले की जमत नाही. नवा माणूस येऊन उत्साहानं "मग? मग?" करू लागला, तरी जमत नाही. शेवटी एकदा मशिदीतून परतताना, दोघंच असताना, मी त्यांना अण्णांच्या सोयाबीनबद्दल सांगितलं. चारचौघांत सांगितलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता. ते बराच वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "घर में कौन है रे बात करने को? सून-मुलगा पुण्याला. दिवसभराचं साठतं."

आता मी कधी कधी मगरीबच्या आधीच अर्धा तास त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथं मनापासून हुंकारा देतो. हॉटेलात आल्यावर चाचा थोडे कमी बोलतात. परवा तर त्यांनीच विचारलं, "अण्णा, यंदा सोयाबीन कसं हाय?"