ताप उतरल्यावर ॲडमिट का केलं?

पावसाळा संपत आला की आपल्याकडे तब्येतीची चौकशी एकाच आकड्यावर येते. "पेशी किती?" कुणी म्हणतं ऐंशी, कुणी पन्नास, हजार गृहीतच असतात. पाठोपाठ पपईच्या पानांचा रस, किवी आणि ड्रॅगन फ्रूट येतं. आकडा एक लाखाच्या खाली गेला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "ॲडमिट करून टाका, मेडिक्लेम आहे ना?"

आणि महिन्याभराने इन्शुरन्स कंपनीचं पत्र येतं: ॲडमिट करायची गरज नव्हती, उपचार ओपीडीत होऊ शकले असते.

माझ्या ताईला गेल्या सप्टेंबरमध्ये असंच पत्र आलं. बिल ५२,६०० रुपयांचं होतं. घरातल्यांनी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. मी कागद घेऊन बसलो, कारण दिवसभर ऑफिसात माझं कामच ते आहे: सर्व्हर पडला की लॉग उघडायचे आणि कधी काय झालं ते ओळीने लावायचं. ताईच्या आजाराचे लॉग वाचताना कळलं की डेंग्यूत ॲडमिट होण्याचं खरं कारण पेशींचा आकडा नसतोच. हॉस्पिटल मात्र तोच आकडा लिहितं, आणि कंपनीही नेमकं त्यावरच बोट ठेवते.

आधी आजार. डेंग्यूचे साधारण तीन टप्पे असतात. पहिले काही दिवस सणसणीत ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि धोका असलाच तर तो इथे सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या अक्षरशः पाझरतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पडून पोटात किंवा फुफ्फुसांभोवती साठतो. वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं. प्रमाण वाढलं तर बीपी कोसळतं आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. हे दोन दिवस निभावले की पाझर थांबतो, भूक परत येते, अंगाला खाज सुटते आणि माणूस बरा होतो.

रक्त किती घट्ट झालंय हे पेशी सांगत नाहीत. ते सांगतो त्याच सीबीसी रिपोर्टवरचा दुसरा आकडा, हिमॅटोक्रिट. काही लॅब त्याला पीसीव्ही म्हणतात. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हा तो आकडा. पाणी बाहेर गेलं की हा वाटा वाढतो. रुग्णाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी वाढला, तर चांगलाच पाझर चाललाय असं डॉक्टर धरतात. एकट्या रिपोर्टवरून हे कळत नाही. आधीचा रिपोर्ट शेजारी ठेवावा लागतो.

ताईचं असं झालं. सोमवारी रात्री १०३ ताप. बुधवारी एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह, पेशी १,४२,०००, हिमॅटोक्रिट ३६.२. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलं: पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ओआरएस, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नाही, रोज रक्त तपासायचं. शुक्रवारी सकाळी ताप ९९ वर आला आणि आईने सुटकेचा श्वास सोडला. पण ताईला सकाळपासून चार उलट्या झाल्या होत्या, उजव्या बरगडीखाली दुखत होतं, घोटभर पाणी पोटात टिकत नव्हतं. दुपारच्या रिपोर्टमध्ये पेशी ७८,००० आणि हिमॅटोक्रिट ४१.८, म्हणजे दोन दिवसांत १५ टक्के वाढ. डॉक्टर म्हणाले, "ताप गेला म्हणून खूश होऊ नका. आजची आणि उद्याची रात्र मला ह्यांच्यावर नजर हवी आहे."

रात्री अकराला हिमॅटोक्रिट ४३.१ झालं. बीपी १००/७६ होतं. मला ते बरंच वाटलं असतं, पण सिस्टरने वरचा आकडा न बघता दोन्हींमधला फरक बघितला: २४. हा फरक २० किंवा त्याखाली आला की तो शॉकचा इशारा धरतात. तिने डॉक्टरांना फोन केला. ताईचं वजन ५८ किलो. सलाईन तासाला साधारण २९० मिली, म्हणजे किलोमागे ५ मिली, असं दोन तास चालवलं आणि मग टप्प्याटप्प्याने कमी केलं. हे कमी करणंही तेवढंच महत्त्वाचं, कारण पाझर थांबला की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं, आणि तेव्हा सलाईन जोरात चालू असेल तर ते फुफ्फुसात साठू शकतं. शनिवारच्या सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी आणि पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली. रविवारी पेशी ३२,००० वर गेल्या, आणि त्याच दिवशी ताईने वरण-भात मागितला. पेशी सर्वात खाली होत्या तेव्हा धोका ओसरत होता. पेशींची पिशवी एकदाही चढवली नाही. रक्तस्राव नसेल तर आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना १०,००० च्या खाली गेल्यावर तिचा विचार करायला सांगतात. मंगळवारी ७१,००० वर डिस्चार्ज.

आता हाच आजार डिस्चार्ज कार्डावर कसा उतरला? "थ्रॉम्बोसायटोपेनियासह ताप. पेशी ७८,०००. आयव्ही फ्लुइड व पूरक उपचार दिले. प्रकृती स्थिर." उलट्या नाहीत, पोटदुखी नाही, हिमॅटोक्रिटचा उल्लेख नाही.

कंपनीच्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरने हे वाचलं तर त्याला काय दिसेल? ॲडमिट होताना ताप नाही, बीपी ठीक, पेशी ७८,०००, उपचार म्हणजे सलाईन. पॉलिसीत 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची ठरलेली व्याख्या असते: सुरक्षित आणि पुरेशा उपचारांसाठी लागते त्यापेक्षा जास्त पातळीची सेवा त्यात बसत नाही. शिवाय एक्सक्लूजन ०४ असतं: निव्वळ तपासण्या आणि निरीक्षणासाठीचं ॲडमिशन कव्हर होत नाही. ताईच्या पत्रात ह्या दोन्हींचा हवाला होता.

कंपनीचा संशय हवेतून येत नाही, हेही सांगायला हवं. नुसत्या व्हायरल तापाला 'पेशी कमी' म्हणून पाच दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि ॲसिडिटीचं औषध द्यायचं, हा प्रकार मी ऑफिसातल्या दोघांच्या बाबतीत बघितलाय. डेंग्यू विषाणूचा आजार आहे. अँटिबायोटिकचा त्याला उपयोग नाही. दोघेही कॅन्टीनमधून डबा मागवून लॅपटॉपवर स्टँडअप मीटिंगला हजर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गवारीत असे रुग्ण पहिल्या गटात येतात: तोंडाने पाणी घेतात, दर सहा तासांत एकदा तरी लघवी होते, धोक्याची लक्षणं नाहीत. त्यांनी घरी राहून रोज तपासणीला यायचं असतं. पेशी ८०,००० असल्या तरी.

दुसरा गट ॲडमिट करायचा. त्यात धोक्याची लक्षणं असलेले येतात: पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, विलक्षण मरगळ किंवा अस्वस्थता, अंगात पाणी साठणं, यकृत वाढणं, पेशी झपाट्याने घसरत असताना हिमॅटोक्रिट चढणं. लक्षणं नसली तरी गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, मधुमेही ह्याच गटात धरतात. आणि जो एकटा राहतो किंवा दवाखान्यापासून लांब राहतो, तोही. पीजीत एकटं राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं आणि ॲडमिट होताना केसपेपरवर लिहून घ्यावं.

म्हणजे डेंग्यूत निरीक्षण हाच उपचाराचा गाभा आहे. दर काही तासांनी नाडी, बीपी, लघवी, हिमॅटोक्रिट बघायचं आणि त्यावरून सलाईनचा वेग बदलायचा. हे नीट झालं तर शॉक येत नाही, आणि शॉक आला नाही की कागदावर 'प्रकृती स्थिर' दिसतं. चांगल्या उपचाराचा पुरावाच उपचार अनावश्यक होता ह्याचा पुरावा वाटू लागतो. ही कोंडी फोडायची तर तासातासाची नोंदच लागते.

ती नोंद ताईच्या हॉस्पिटलात होती, फक्त डिस्चार्ज कार्डात नव्हती. मी इनडोअर केसपेपर मागितले. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. बिलिंग काउंटरवर तो शांतपणे सांगितला की काम होतं. त्यात सगळं होतं: पहिल्या पानावर चार उलट्या आणि पोटदुखी, सिस्टरचा बीपी चार्ट, किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली त्याचा तक्ता, रात्री अकराचा फोन. मी एका पानावर तारीख-वेळ, पेशी, हिमॅटोक्रिट, बीपी, लक्षणं आणि सलाईनचा वेग असे रकाने केले. डॉक्टरांनी चार ओळींचं पत्र दिलं. त्यात पेशींचा उल्लेख शेवटी होता, आधी होतं, "धोक्याची लक्षणं, हिमॅटोक्रिटमध्ये १५ टक्के वाढ, तोंडाने द्रव घेणं अशक्य."

हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं आणि सोबत विचारलं, की क्लेम नाकारण्याआधी तो रिव्ह्यू कमिटीपुढे गेला होता का. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार तसं करणं बंधनकारक आहे. कंपनीने पुन्हा नाही म्हटलं असतं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नसतं, तर पुढे विमा लोकपाल होता. पुण्यात त्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

तिथपर्यंत जावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी ४७,३५० रुपये जमा झाले. बाकीचे हातमोजे, सिरिंज वगैरे 'नॉन-पेएबल' मध्ये गेले, त्यावर मी भांडलो नाही.

ताईला मी हिशेब दाखवला तेव्हा तिने तो तक्ता बराच वेळ बघितला. शुक्रवार रात्री अकराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मला वाटलं, सिस्टर उगाच सारखी उठवतेय."