खोटा ड्रिफ्ट

झिरकपूरमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दहा किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं बोर्ड टेबलावर होतं. वर पाच किलोचं वजन ठेवलेलं, त्याला कुणाचा हात नाही. तरी डिस्प्लेवरचा आकडा दोन ग्रॅम सावकाश चढायचा आणि तितकाच सावकाश उतरायचा. एका फेरीला कधी वीस सेकंद, कधी पन्नास. मे महिन्याचे दिवस, कूलर चालू. मी दोष तापमानाला दिला आणि लोडसेल कापसात गुंडाळण्यात दोन दिवस घालवले.

पाच व्होल्टवर हा लोडसेल पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ग्रॅमला जेमतेम एक मायक्रोव्होल्ट. तो दोनशे पट वाढवून मी १६ बिटांच्या एसएआर कन्व्हर्टरला दिला होता. एसएआर वाणसामान तोलल्यासारखं मोजतो: आधी अर्ध्याचं माप टाकायचं, जड झालं तर काढायचं, मग पाव, मग अर्धा पाव. सोळा पायऱ्यांत उत्तर हातात. पण मोजायच्या आधी तो एका क्षणाचं व्होल्टेज कॅपॅसिटरवर पकडतो आणि तेवढाच क्षण तोलतो. मी सेकंदाला दहा क्षण पकडत होतो. तारेत शिरलेली मेन्सची लहर सेकंदाला ५० वेळा हलते, म्हणून दर वेळी ती जवळजवळ त्याच जागी सापडे. ग्रिड ५०.०३ हर्ट्झवर गेली की ती जागा तेहतीस सेकंदांत एक फेरी घेते. माझा ‘ड्रिफ्ट’ तो हाच.

खात्री करायला सॅम्पल सेकंदाला दहाऐवजी अकरा केले. संथ हेलकावा गेला आणि आकडा सेकंदाला पाच वेळा थरथरू लागला. खरा तापमानाचा ड्रिफ्ट सॅम्पलच्या वेगाने बदलत नाही.

मग एचएक्स७११ लावला. सिग्मा-डेल्टा क्षण पकडत नाही. तो अतिशय वेगाने एकेका बिटाचे ढोबळ निर्णय घेत राहतो आणि फिल्टर त्यांची सरासरी काढतो. सेकंदाला दहा रीडिंगच्या वेगावर मेन्सची पूर्ण चक्रं त्या सरासरीत येतात, चढ-उतार एकमेकांना खातात. वेगळा अ‍ॅम्प्लिफायरही लागला नाही, कारण १२८ पट गेन चिपमध्येच आहे. चोवीस बिटांवर मात्र मी विसंबत नाही. त्याच्या स्वतःच्या नॉइजमुळे आकडा साधारण एक-तृतीयांश ग्रॅम हलतो. एक ग्रॅमच्या काट्याला ते चालतं.

हेच एसएआरकडूनही करून घेता येतं: सेकंदाला हजार सॅम्पल घ्यायचे आणि शंभरांची सरासरी काढायची. १०० मिलिसेकंदांत मेन्सची नेमकी पाच चक्रं बसतात. एका लोडसेलसाठी मी हा खटाटोप करत नाही. पण आठ थर्मोकपल आळीपाळीने वाचायचे असतील, तर चॅनेल बदलल्यावर एचएक्स७११सारख्या फिल्टरला स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात आणि एका फेरीला तीन सेकंदांहून जास्त जातात. तिथे सरासरीसकट एसएआर एका सेकंदाच्या आत फेरी संपवतो, आणि तिथे मी तोच घेतो.