प्रॉप सगळ्यात शेवटी

रेसिंगचा ड्रोन पहिल्यांदा थ्रॉटल दिल्यावर सरळ वर उठेल की जागच्या जागी कोलांटी मारेल, हे मैदानावर ठरत नाही. ते आदल्या रात्री टेबलावर ठरलेलं असतं. म्हणून मी शिकवताना प्रॉप, म्हणजे पंख्याची पाती, डब्यातून काढूच देत नाही. बाकी प्रत्येक गोष्ट तपासून झाली की ती लावायची.

आपण ज्याबद्दल बोलतोय तो पाच इंची प्रॉपचा ड्रोन आहे. चालवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून त्याच्या कॅमेऱ्यातलं दृश्य बघत तो उडवतो. कार्बन फायबरची फ्रेम, चार ब्रशलेस मोटर, त्यांना वीज पुरवणारा ईएससी बोर्ड आणि त्याच्यावर फ्लाइट कंट्रोलर, एवढा त्याचा गाभा. बॅटरी सहा सेलची, पूर्ण चार्ज केल्यावर २५.२ व्होल्टची. थ्रॉटल पूर्ण दाबला की ती शंभर अँपिअरच्या आसपास करंट सहज देते.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा सांधा कोणता, याचं उत्तर या शंभर अँपिअरमध्ये आहे. बॅटरीची जाड वायर बोर्डाला जिथे जुळते, तिथे समजा ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका रोध राहिला. शंभर अँपिअरला तिथे एक व्होल्ट वाया जातो आणि शंभर वॉट उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेने सांधा स्वतःच वितळू शकतो आणि वायर हवेतच सुटते. गंमत अशी की हाच सांधा नीट लागायला सगळ्यात अवघड. जाड वायर आणि बोर्डातला तांब्याचा थर मिळून बिटची उष्णता शोषून घेतात. वरचं सोल्डर वितळलेलं दिसतं, खालचा पॅड मात्र थंडच असतो. असा सांधा गोळ्यासारखा फुगतो, निस्तेज दिसतो आणि त्याची कड पॅडवर पसरत नाही. चांगला सांधा चकचकीत असतो आणि कडेला उतरत जाऊन पॅडशी एकजीव होतो.

त्यासाठी टोकदार बिट काढून रुंद, चपट्या टोकाची बिट लावावी आणि तापमान ४०० अंशांच्या जवळ ठेवावं. मोटरच्या वायरींना ३५० पुरतं. ६३/३७ प्रमाणाचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं. वरचं तापमान असतं ते पॅड पटकन तापावा म्हणून. आधी पॅडवर फ्लक्स लावून सोल्डर चढवायचं, मग वायरच्या टोकात सोल्डर मुरवायचं आणि शेवटी दोन्ही एकत्र वितळवायचे. बिट उचलल्यावर सोल्डर गोठेपर्यंत वायर हलू द्यायची नाही. वायर ओढून बघायची ती सांधा थंड झाल्यावर.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवून बॅटरीच्या कनेक्टरच्या दोन्ही टोकांना लावायचा. कपॅसिटर चार्ज होतो तेवढा क्षणभर बीप येऊन थांबला तर ठीक. बीप थांबतच नसेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोटरचे स्क्रूही इथेच तपासावेत. स्क्रू जरासा लांब असला तरी आतल्या तारेच्या वेटोळ्यांना टेकतो. एक प्रोब स्क्रूला आणि दुसरा मोटरच्या वायरला लावल्यावर बीप येता कामा नये. एवढं झाल्यावरही पहिल्यांदा बॅटरी थेट जोडू नये. इलेक्ट्रिशियन सिरीज लॅम्प वापरतात, तसे गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून मधे घालावेत. क्षणभर लुकलुकून विझले तर बोर्ड सुरक्षित आहे, लख्ख पेटून राहिले तर शॉर्ट आहे. बोर्ड जळण्याऐवजी बल्ब पेटतो.

फ्लाइट कंट्रोलर यूएसबीने संगणकाला जोडून Betaflight उघडलं की पडद्यावर ड्रोनचं चित्र दिसतं. हातातल्या ड्रोनचं नाक खाली केलं की चित्राचंही नाक खाली गेलं पाहिजे, उजवीकडे कलवला की तेही उजवीकडे कललं पाहिजे. जागेच्या सोयीसाठी बोर्ड ९० अंशांत वळवून बसवला असेल तर ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं:

```
set align_board_yaw = 90
save
```

किती अंश, हे बोर्ड कुठल्या बाजूला वळवला त्यावर ठरतं. आकडा घातल्यावर चित्र पुन्हा हलवून बघायचं.

मग मोटरची दिशा. प्रत्येक मोटर फिरताना फ्रेमला उलट दिशेने पिळते. कर्णावरच्या दोन मोटर एका दिशेने आणि उरलेल्या दोन विरुद्ध दिशेने फिरल्या की हा पीळ आपसात मिटतो. Betaflight मध्ये १ नंबर मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी आणि ४ पुढची डावी. नेहमीच्या मांडणीत वरून पाहिल्यास १ आणि ४ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, २ आणि ३ उलट. दिशा चुकली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल कराव्यात किंवा ईएससीच्या सेटिंगमधून दिशा उलटवावी. मोटर हळू फिरवून तिच्या कडेला बोट अलगद टेकवलं की दिशा कळते.

दिशा बरोबर असली तरी तपासणी संपत नाही, हे सांगणारा एक ड्रोन माझ्याकडे आला होता. नाशिकचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणाला, “सर, चारही मोटरची दिशा बरोबर आहे, प्रॉपही बरोबर आहेत, तरी थ्रॉटल दिला की उलटतो.” दिशा खरोखरच बरोबर होती. मी स्क्रीनवरून फक्त १ नंबरची मोटर फिरवली, तर मागची उजवी स्वस्थ आणि पुढची डावी फिरू लागली. बॅटरीची वायर पुढून काढायची म्हणून त्याने ईएससी बोर्ड अर्धा वळसा फिरवून बसवला होता. त्यामुळे १ आणि ४ यांची जागा बदलली, २ आणि ३ यांचीही. पण या दोन्ही जोड्या कर्णावरच्या आहेत आणि कर्णावरच्या मोटर एकाच दिशेने फिरतात. म्हणून दिशेच्या चाचणीत चूक दिसलीच नाही.

उडताना मात्र ती लगेच उघडी पडते. नाक जरा खाली गेलं की कंट्रोलर पुढच्या मोटरना जोर द्यायला सांगतो. तो हुकूम मागच्या मोटरना पोचतो, नाक आणखी खाली जातं, कंट्रोलर आणखी जोर मागतो आणि अर्ध्या सेकंदात ड्रोन उताणा होतो. आम्ही सोल्डरला हात लावला नाही. Motors पानावर मोटरचा क्रम नव्याने लावायची सोय आहे. फिरलेल्या मोटरवर क्लिक करत गेलो, सेव्ह केलं आणि चारही पुन्हा एकेक करून तपासल्या.

लक्षणावरून दोष ओळखता येतो. उठताक्षणी उलटला तर मोटरचा क्रम, बोर्डाची दिशा, नाहीतर एखादी मोटर किंवा प्रॉप उलटा. उठून स्वतःभोवती गरगरत राहिला तर चारही मोटर उलट्या फिरत आहेत आणि कंट्रोलरला ते माहीत नाही. रेसिंगवाले अनेकदा मुद्दाम उलटी मांडणी ठेवतात, म्हणजे पुढची पाती गवत-माती कॅमेऱ्याकडे न आणता बाहेर फेकतात. तेव्हा सेटिंगही बदलावं लागतं:

```
set yaw_motors_reversed = ON
save
```

एका गोष्टीने मात्र घाबरू नये. प्रॉप न लावता टेबलावर ड्रोन आर्म करून थोडा थ्रॉटल दिला की मोटरचा वेग आपोआप चढत जातो. कंट्रोलर ड्रोन सरळ करू बघतो, ड्रोन हलत नाही, म्हणून तो जोर वाढवत राहतो. हा दोष नव्हे. मोटर तपासायच्या त्या Motors पानावरूनच.

एवढं जमलं की प्रॉप लावावेत, मोकळ्या मैदानात हातभर उंचीवर अर्धा मिनिट ड्रोन स्थिर धरावा, उतरवून बॅटरी काढावी आणि चारही मोटरना बोट लावून बघावं. एखादीच चटका देण्याइतकी तापली असेल तर तिचे स्क्रू आणि सांधे पुन्हा तपासावेत. ड्रोन नियम २०२१ नुसार अशा ड्रोनची नोंदणीही लागते. ती झाल्याशिवाय बाहेर उडवू नये.