केबलच्या पोटातली चिप

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एक ताई मागे माझ्याकडे आल्या. लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर १०० वॅटचा, त्यांनी घेतलेली पॉवर बँकही १०० वॅटची. तरी काम सुरू केलं की ती जोडलेली असतानाही बॅटरी खाली उतरत होती. पॉवर बँक खराब निघाली, असं त्यांना वाटत होतं.

मी मध्ये मीटर लावला. आकडे आले २० व्होल्ट आणि जेमतेम ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. हा आकडा दिसला की मी आधी केबल पाहतो. टाइप-सी जोडताच पॉवर बँक आणि लॅपटॉप आपसात बोलतात. आपण कुठले व्होल्ट आणि किती अँपिअर देऊ शकतो ते पॉवर बँक सांगते, आणि त्यातलं हवं ते लॅपटॉप मागतो. पण ३ अँपिअरच्या वर जायचं असेल, तर पॉवर बँक त्याआधी केबललाही विचारते. ५ अँपिअर पेलणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये एक छोटी चिप असते, ती उत्तर देते. उत्तर आलं नाही, तर पॉवर बँक ३ अँपिअरवरच थांबते. केबल तापून वितळू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि मला ती फार योग्य वाटते. ताईंची केबल मोबाइलसोबत आलेली होती. ‘१०० वॅट, ५ अँपिअर’ छापलेली केबल लावली आणि मीटर ९० वॅटच्या वर गेला. मीटर नसेल, तर विंडोज अनेकदा चार्जर कमी ताकदीचा असल्याची सूचना देतं; ती आली तर नवा चार्जर घेण्याआधी केबल बदलून पाहावी.

मग त्यांनी गाडीतल्या चार्जरचं विचारलं. खोक्यावर १२० वॅट होतं. बारीक अक्षरांत पाहिलं, तर ती दोन्ही पोर्टांची बेरीज निघाली: लॅपटॉपच्या पोर्टला १००, दुसऱ्याला २०. काही चार्जरमध्ये शेजारी फोन लावताच लॅपटॉपचा वाटा ६५ किंवा ४५ वर येतो, चार्जिंग क्षणभर तुटतं आणि पुन्हा बोलणी होतात. दुसरी मर्यादा गाडीची. बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटवरच १२ व्होल्ट, १२० वॅट लिहिलेलं असतं. चार्जरमध्ये दहा टक्के ऊर्जा उष्णतेत गेली, तर लॅपटॉपला १०० वॅट देताना गाडीतून ११० च्या आसपास ओढले जातात. वर फोनचे २० धरले, तर सॉकेटची मर्यादा ओलांडली जाते. अशा गाडीत मी लॅपटॉप एकटाच लावतो, तोही इंजिन सुरू असताना.

राहिला प्रश्न पॉवर बँक किती वेळ पुरेल याचा. ते वॅटवरून कळत नाही. तिच्यावरचे २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. गुणाकार केला की ७४ वॅट-तास होतात. रूपांतरात घट जाऊन साठ-पासष्ट हाती लागतात. एडिटिंग सुरू असताना ९० वॅटने ओढलं, तर पाऊण तासाच्या आत ती रिकामी होते.