बाबुल मंदब आणि हिंगणघाटचा कापूस

उर्दूत 'बाब' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, दरवाजा आणि पुस्तकातलं प्रकरण. सातवीच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगतो. २०२४ च्या जानेवारीत एका मुलाने विचारलं, "सर, टीव्हीवर बाबुल मंदब म्हणतात, ते दार कुठलं?" उर्दूच्या तासाला भिंतीवर नकाशा टांगावा लागला.

येमेन आणि जिबूती यांच्यामध्ये जी चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिचं हे नाव. 'मंदब'चा संबंध शोक करण्याशी, आक्रोशाशी आहे, म्हणजे अश्रूंचं दार. रुंदी साधारण ३० किलोमीटर. वर्ध्याहून सेलूपलीकडे थोडं गेलं की तेवढं अंतर भरतं. मध्ये पेरिम नावाचं बेट आहे. मोठी जहाजं त्याच्या पश्चिमेच्या रुंद भागातून लाल समुद्रात शिरतात आणि पुढे सुएझ कालव्यातून युरोपला जातात.

आपल्याकडच्या जुन्या हाजींना हे दार माहीत होतं. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला जहाजं जात. बाबुल मंदब ओलांडलं की पुढे यलमलमच्या समोर एहराम बांधायचा, हे त्यांच्या तोंडून आमच्या पिढीने ऐकलंय. विमान आलं आणि त्यानंतरच्या माणसांना मधला समुद्र दिसेनासा झाला.

हजच्या वाटेवरून वर्ध्याचा कापूसही गेला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका जातीचं नाव म्हणून बोललं जाऊ लागलं. पण त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. गाठी मुंबईला पोचल्या की शिडाच्या जहाजातून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जात. मुंबई ते लंडन सुमारे २० हजार किलोमीटर, तीन-चार महिने सहज. भाव चढलेला असताना घेतलेला माल पोचेपर्यंत भाव कोसळलेला असू शकत होता. युद्ध संपल्यावर नेमकं तेच झालं आणि मुंबईतले कितीतरी व्यापारी बुडाले.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला, आणि मुंबई-लंडन अंतर साडेअकरा हजार किलोमीटरवर आलं. गंमत अशी की कालव्याचा फायदा शिडाच्या जहाजांना जवळजवळ झालाच नाही, कारण लाल समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वेळ समोरून येतो. फायदा झाला तो आगबोटींना. आगबोटीला कोळसा लागतो, आणि तो भरायची सोय बाबुल मंदबच्या तोंडाशी एडनला होती. इंग्रजांनी एडन १८३९ मध्येच घेऊन ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, याच मार्गाने समुद्राखालून तारेची केबल आली. आता लिव्हरपूलचा भाव मुंबईला काही तासांत कळू लागला.

असं दार बंद कसं होतं? कालवा खरोखर बंद पडू शकतो. १९६७ च्या युद्धात बंद झाला तो आठ वर्षांनी, १९७५ ला उघडला. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचं जहाज आडवं अडकलं तेव्हा सहा दिवस वाहतूक ठप्प होती. पण नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी गाझाच्या युद्धाचं कारण देत जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा बाबुल मंदब एक दिवसही बंद नव्हतं. पाणी मोकळं होतं, साखळी कुणी लावली नव्हती. तरी डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या कंटेनर कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेच्या वळशाने पाठवायला सुरुवात केली.

ते दार हिशोबाने बंद झालं. धोक्याच्या पाण्यातून जायचं तर नेहमीच्या विम्यावर 'युद्धजोखमीचा' वेगळा हप्ता भरावा लागतो. तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत असतो आणि प्रत्येक फेरीला वेगळा. शांततेत तो नगण्य असतो, त्या हिवाळ्यात पाऊण-एक टक्क्यापर्यंत गेला. जहाज दहा कोटी डॉलरचं धरा. एक टक्का म्हणजे दहा लाख डॉलर, तेही एकदा जाण्याचे. त्यावर कालव्याचा टोल काही लाख डॉलर. उलट वळसा घातला तर दहा-बारा दिवस जास्त. रोज साठ हजार डॉलरचं इंधन धरलं तरी सहा-सात लाख. शिवाय खलाशांच्या जिवाला घोर नाही. कप्तान शूर आहे की भित्रा, हा प्रश्न इथे येतच नाही.

खरा फटका यापुढचा आहे, आणि तो मुलांना मी एसटीवरून समजावला. वर्धा-आर्वी गाडीला जाऊन-येऊन चार तास लागतात आणि दर तासाला एक गाडी सोडायची आहे, तर चार गाड्या लागतील. पूल वाहून गेला, वळशाने सहा तास लागू लागले, तर त्याच वेळापत्रकाला सहा गाड्या हव्यात. जादा दोन कुठून येणार? डेपो त्या हिंगणघाटच्या मार्गावरून काढणार. म्हणजे पूल पडला आर्वीचा आणि ताटकळला हिंगणघाटचा प्रवासी. जहाजांचंही तसंच झालं. युरोपच्या मार्गाने जास्त जहाजं आणि कंटेनर अडकवून ठेवले, आणि लाल समुद्राशी संबंध नसलेल्या मार्गांवरही भाडी वाढली.

त्या हिवाळ्यात बाजार समितीच्या आवारात "समुद्रात भांडण लागलंय म्हणून भाव नाही" असं कानावर येई. २०२३-२४ चा लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि बरेच दिवस बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. पण सगळं समुद्रावर ढकलणं मला पटत नाही. आपला कच्चा कापूस आज लिव्हरपूलला जात नाही. तो मुख्यतः बांगलादेश, चीन, व्हिएतनामला जातो, आणि त्या वाटेवर बाबुल मंदब लागत नाही. लागतं ते पुढच्या टप्प्यावर, ढाक्यात शिवलेला शर्ट हॅम्बुर्गला जाताना. शर्ट उशिरा पोचतो, दुकानदार पुढची ऑर्डर लांबवतो, गिरणी सूत कमी घेते, आणि जिनिंगवाल्याकडे बोली सावध होते. परिणाम होतो, पण चार हातांतून, पातळ होऊन. त्या वर्षी सुताची मंदी आणि ओल्या कापसाची प्रत ही कारणं जास्त जवळची होती.

शिवाय वळशाचा उलटा परिणामही असतो. अमेरिकेचा कापूस चितगावला यायला लांब पडतो, तेव्हा जवळच्या भारतीय गाठीला किंमत येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक भाव चढले आणि आपल्या कापसाला निर्यातीची मागणी आली. तोवर लहान शेतकऱ्याचा माल विकून झाला होता, ज्याच्या घरात साठवायला जागा होती तो थांबला.

सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये सुमारे दहा अब्ज डॉलर होतं, ते २०२४ मध्ये चार अब्जांवर आलं. गोळी कालव्यावर एकही सुटली नव्हती. हल्ले झाले ते दोन हजार किलोमीटर दक्षिणेला. एका मुलीने वहीत इजिप्तपाशी छोटं दार काढलं, येमेनपाशी मोठं, आणि विचारलं की मग टोल मोठ्या दारावर का घेत नाहीत. सामुद्रधुनीतून जाण्याचा हक्क सगळ्या देशांच्या जहाजांना आहे, तिथे टोल घेता येत नाही. कालवा मात्र माणसांनी खणलेला आहे, इजिप्तच्या जमिनीत.