पासपोर्टची प्रत आणि मेलवरचं कुलूप

यंदा माझा भाचा नोकरीसाठी नेदरलँड्सला आला आणि स्वतःचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहिला. इथे भाड्याचं घर शोधणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका संध्याकाळी मकेलारचा मेल आला: पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार आणि पगाराची पावती आज रात्रीपर्यंत पाठवा. पोरगं जेवणाच्या टेबलावरच फोटो काढायला लागलं.

"जरा थांब," मी म्हटलं.

"मावशी, पंधरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतेस आणि तूच घाबरतेस? हे बघ, इथे लिहिलंय." त्याने मकेलारच्या मेलचा तपशील उघडून दाखवला: `Standard encryption (TLS)`, शेजारी छोटं कुलूप.

कुलूप खरंच होतं. पण ते कशाला लावलेलं असतं, हे त्याला समजावताना मला लहानपणी स्टेशनवर पाहिलेल्या टपालाच्या पिशव्या आठवल्या. पिशवीच्या तोंडाला लाख लावून शिक्का मारलेला असे. वाटेत कुणाचा हात आत जाणं कठीण. पण पुढच्या टपाल कार्यालयात पिशवी उघडायचीच, त्याशिवाय पत्रांची वर्गवारी कशी करणार? आणि आत जर पोस्टकार्ड असेल, तर ते वाचायला कुठलं सील तोडावं लागत नाही. आपला साधा ईमेल म्हणजे असं पोस्टकार्ड आहे.

भाच्याचा मेल तीन टप्प्यांत जाणार होता: त्याच्या फोनपासून जीमेलपर्यंत, जीमेलपासून मकेलारच्या मेल सर्व्हरपर्यंत आणि तिथून मकेलारच्या संगणकापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर वेगळी पिशवी, वेगळं सील.

पहिला टप्पा सगळ्यांत मजबूत. समोरचा सर्व्हर खरोखर गूगलचाच आहे ना, हे फोन प्रमाणपत्र पाहून तपासतो. तीही खात्री मोडू शकते, हे आपल्या जवळच्याच बेव्हरवाइक गावाने २०११ साली दाखवलं. अशी प्रमाणपत्रं देणारी डिजिनोटार ही कंपनी तिथे होती. घुसखोरांनी तिच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र काढलं आणि ते इराणमधल्या लोकांचं जीमेल मधल्यामध्ये उघडण्यासाठी वापरलं गेलं. ब्राउझर कंपन्यांनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच सप्टेंबरात तिचं दिवाळं निघालं.

दुसरा टप्पा, म्हणजे सर्व्हर ते सर्व्हर, त्याची मजा वेगळी आहे. जीमेलचा सर्व्हर समोरच्याचं दार वाजवतो. समोरचा आपल्याला काय काय येतं त्याची यादी सांगतो. त्यात ही एक ओळ असली, तर पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होतं:

```
250-STARTTLS
```

नसली तर? बहुतेक सर्व्हर तरीही मेल पाठवतात, उघडाच. मेल पोचणं महत्त्वाचं, असा जुना विचार त्यामागे आहे. शिवाय हे पहिलं बोलणं उघडं असल्यामुळे मध्ये बसलेला कुणी ही एक ओळ गाळून टाकू शकतो, आणि दोन्ही सर्व्हरना वाटतं, समोरच्याला कुलूप येत नसेल. यावर उपाय म्हणजे मेल घेणाऱ्या डोमेनने आधीच जाहीर करायचं, की आमच्याकडे कुलूप असतंच, नसेल तर मेल देऊ नका. त्याच्या दोन पद्धती आहेत: डेन आणि एमटीए-एसटीएस. जीमेल मेल पाठवताना दुसरी पाळतं. डच सरकारी कार्यालयांसाठी मात्र स्टार्टटीएलएस आणि डेन ही जोडी ‘पाळा, नाहीतर कारण सांगा’ या यादीत आहे. तुम्हालाही तपासता येतं: `internet.nl` वर ईमेलच्या चाचणीत @ नंतरचं नाव टाकायचं. आम्ही मकेलारचं टाकलं. स्टार्टटीएलएस होतं, डेन नव्हतं.

मेल कसा आला हे मागाहून पाहायचं असेल तर जीमेलमध्ये `Show original` उघडा आणि तुमच्या सर्व्हरने बाहेरून मेल घेताना लिहिलेली `Received` ओळ शोधा:

```
Received: from mail.example.nl by mx.google.com
  with ESMTPS (version=TLS1_3 ...)
```

`ESMTPS` मधला शेवटचा `S` म्हणजे तो टप्पा कुलूपबंद होता. नुसतं `ESMTP` असेल तर उघडा. त्याआधीच्या टप्प्यांच्या ओळी खाली असतात. त्या इतरांनी लिहिलेल्या, तेव्हा त्यांच्यावर फार विसंबू नका.

एवढं सगळं नीट झालं, तरी प्रत्येक सर्व्हरवर पिशवी उघडतेच. गूगलकडे विषय, मजकूर, पासपोर्टचा फोटो, सगळं वाचता येईल असं असतं. जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर वापरणं गूगलने २०१७ मध्ये बंद करायचं ठरवलं, पण स्पॅम ओळखायला आणि तुम्हाला जुना मेल शोधून द्यायला मजकूर वाचावाच लागतो. डिस्कवर माहिती कुलूपबंद ठेवली, तरी किल्ली कंपनीकडेच असते. मकेलारच्या बाजूलाही तेच. शिवाय `info@` चा पासवर्ड ऑफिसात कितीजणांना ठाऊक असतो, कोण जाणे.

माझ्या घाबरण्याचं कारण तेच होतं. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मकेलारला पासपोर्ट आणि पगाराची पावती पाठवली होती, पावतीवर बीएसएन ठळक छापलेला. ते घर मिळालं नाही आणि मी तो मेल विसरून गेले. तीन वर्षांनी त्यांचं पत्र आलं: आमच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता, तुमची कागदपत्रं त्यात होती. रस्त्यात कुणी काही चोरलं नव्हतं. ते पोस्टकार्ड तीन वर्षं त्यांच्या खणात पडून होतं. पुढे काही महिने मी बँकेचं प्रत्येक पत्र धडधडत्या छातीने उघडत असे.

भाच्याने विचारलं, मग पत्रच पाकिटात घालता येत नाही का? येतं. पीजीपी किंवा एस-माइम वापरलं तर मजकूर फक्त घेणाऱ्यालाच उघडता येतो. तरी कुणी, कुणाला, केव्हा पाठवला हे सर्व्हरना दिसतं, आणि सहसा विषयाची ओळसुद्धा. पण त्यासाठी मकेलारकडेही किल्ली हवी, आणि अशी किल्ली असलेला मकेलार मला अजून भेटायचाय.

म्हणून आम्ही जमेल तेवढं केलं. डच सरकारचं कोपी-आयडी हे ॲप घेतलं. त्यात पासपोर्टच्या फोटोवर नको ती माहिती झाकली आणि कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला, हे आडवं लिहिलं. पावतीवरचा बीएसएन खोडला, घर भाड्याने द्यायला तो लागत नाही. मग सगळ्याची पासवर्डवाली एक पीडीएफ केली, नाव ठेवलं फक्त ‘कागदपत्रं’, कारण फाइलचं नाव आणि विषय उघडेच जाणार होते. पासवर्ड भाच्याने फोन करून सांगितला. मकेलार बाई जरा कुरकुरल्या, पण फाइल उघडली.

तो झोपायला गेल्यावर मी माझ्याच जीमेलमध्ये शोधलं:

```
in:sent has:attachment passport
```

अकरा मेल निघाले. सगळ्यांत जुना २०१२ चा. माझ्याकडचे पुसले. समोरच्यांकडे पडलेल्या अकरा प्रतींसाठी आता एकेकाला मेल लिहिते आहे, की तुमच्याकडचीही पुसून टाका. आतापर्यंत चौघांची उत्तरं आली आहेत.